‘मले काय विचारता, मालक तुम्ही’: तोंडावर न येणाऱ्या रागाला उत्तर कसं द्यायचं

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ, वावर एकत्र. बाबा गेल्यापासून सगळं मीच पाहतो. दीड वर्ष झालं, धाकट्याचं काही समजत नाही. भांडत नाही, आवाज चढवत नाही. पण फवारणीला सातला ये म्हटलं तर साडेनऊला येतो. काही विचारलं की ‘मले काय विचारता, मालक तुम्ही’. पाहुण्यांसमोर टोमणे मारतो. दोन-दोन दिवस आमच्यासोबत ताटावर बसत नाही. काय झालं विचारलं तर ‘काही नाही’. ओरडून पाहिलं, गप्प राहून पाहिलं. काय करू?

उत्तर:

‘काही नाही’ हे त्याचं उत्तर खरं धरून चालू नका. पण ते खोटं आहे, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायलाही जाऊ नका. या दोन्हींच्या मधून एक वाट जाते. ती हळू आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना मी तिचाच उपयोग झालेला पाहिला आहे.

आधी एक खात्री करून घ्या. तुमच्या भावाचं हे वागणं सगळीकडे सारखं आहे, की फक्त तुमच्यापाशी? पानठेल्यावर तो हसतो-बोलतो का? मित्राच्या वावरात बोलावलं तर वेळेवर जातो का? तुम्ही बाहेरगावी असलात की घरात जेवतो का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर हा राग आहे, आणि तो तुमच्यावर आहे. पण तो सगळ्यांपासूनच तुटला असेल, झोप उडाली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ असं बोलत असेल, तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. मग तो उदासपणाचा आजार असू शकतो, आणि आपल्या भागात त्याकडे रुसवा म्हणून पाहणं फार महागात पडतं. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे राहू द्या.

पुढचं सगळं तो राग आहे असं धरून लिहितो.

अशा वागण्याची पहिली नोंद अमेरिकेच्या लष्करात झाली. १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, तिथल्या लष्कराच्या एका वैद्यकीय पत्रकात काही सैनिकांचं वर्णन आलं. हे सैनिक हुकूम मोडत नव्हते, उलट बोलत नव्हते. ते तोंड फुगवायचे, काम रेंगाळवायचे, मुद्दाम अर्धवट करायचे, अडून बसायचे. त्यावरून पुढे याला ‘निष्क्रिय आक्रमकता’ म्हणू लागले. १९५२ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तो व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हणून शिरला. १९९४ च्या आवृत्तीत त्याला परिशिष्टात हलवलं आणि आता तो निदान म्हणून राहिलेला नाही. मला या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की हे वागणं प्रथम जिथे नजरेत भरलं तिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. वरिष्ठाला नकार दिला तर शिक्षा, म्हणून नकार हातापायांतून बाहेर पडायचा.

आपल्याकडे वडील गेल्यावर थोरला भाऊ बापाच्या जागी येतो. त्याला उलट उत्तर देणं म्हणजे बापाला उलट बोलणं, असंच सगळं घर आणि गाव धरतं. धाकट्याला तुमचा निर्णय पटला नाही तर त्याने काय करायचं? तोंडावर बोललं तर तो उद्धट. वेगळं मागितलं तर घर फोडणारा. मग त्याच्या हातात उरतो त्याचा वेळ, त्याची जीभ आणि त्याचं ताट. उशिरा येणं, टोमणा आणि न जेवणं, तिन्ही तिथूनच येतात. सालदार मालकाशी असाच वागतो, सून सासूशी अशीच वागते. म्हणून त्याला स्वभावानेच आडमुठा ठरवू नका. असं लेबल लावलं की त्याच्या रागात काही तथ्य आहे का, हे पाहायचं राहूनच जातं.

या वागण्याचे दोन गुण लक्षात घ्या. ते लागतं, आणि ते नाकारता येतं. ‘गाडी पंक्चर झाली होती’, ‘गंमत केली’, ‘भूक नव्हती’. तुम्ही ओरडलात की राग फक्त तुमचा दिसतो, त्याचा झाकलेलाच राहतो. अंगणातल्या लोकांना मोठा भाऊ विनाकारण तापट वाटतो, आणि धाकट्यालाही मनातल्या मनात पटतं की याच्यापाशी बोलण्यात अर्थ नाही. मनधरणी केलीत तर रुसण्याला मोल येतं. पुढच्या वेळी रुसवा आणखी दोन दिवस लांबतो. आणि तुम्हीही गप्प बसलात तर दोघांत कोण जास्त दिवस टिकतो याची चढाओढ लागते. मग निरोप बायका आणि पोरं पोचवतात. ‘काकाला सांग, पंप भरून ठेवला.’ आठ वर्षांच्या पोराला दोन मोठ्या माणसांच्या मधलं टपाल होऊ देऊ नका. ज्या घरात हे सुरू झालं तिथे पुढे जावाजावांचं बोलणंही बंद झालेलं मी वारंवार पाहिलं आहे.

आता बोलायचं कसं, ते सांगतो. तो उशिरा आला त्या क्षणी बोलायचं नाही. तेव्हा तुमच्या आवाजात राग असतो आणि त्याच्याजवळ बहाणा तयार असतो. काही बिघडलेलं नसेल अशी एखादी वेळ निवडा. दोघंच असाल तेव्हा, धुऱ्यावरून चालताना किंवा बंडीवर बसून येताना. समोरासमोर खाटेवर बसवलं की त्याची पेशी होते. शेजारी-शेजारी, नजर वाटेवर असताना माणूस सोपेपणाने बोलतो. घरातल्या बायकांसमोर तर मुळीच नको, कारण बायकोसमोर माघार घेणं त्याला अवघड जाईल, आणि तुम्हालाही.

बोलायचं फार थोडं. जे डोळ्यांनी पाहिलं ते, तुम्हाला काय वाटतं ते, आणि तुम्ही ऐकायला तयार आहात ते. तुमच्या घरच्या बोलीतच बोला. असं काहीसं: ‘तीनचार खेपा झाल्या, फवारणीचं सातचं ठरलं अन् तू नवाच्या पुढं आला. पाहुण्यांसमोर मले मालक म्हणलं. मले वाटते, तुले माह्या कोन्या तरी गोष्टीचा राग आहे. कायचा ते मले माहीत नाही. सांगशील तवा मी ऐकीन.’ एवढंच. ‘तू नेहमीच असं करतो’ हे नको, कारण ‘नेहमी’ म्हटलं की तो अपवाद शोधून काढेल आणि बोलणं तिथेच अडकेल. ‘काऊन असं करतो’ हेही नको. ‘का’ विचारलं की माणूस कारण शोधतो, आणि त्याच्याजवळ पंक्चरचं कारण आहेच.

तो बहुतेक म्हणेल, ‘नाही बा, मले कायचा राग.’ इथे बहुतेक जण चुकतात. ते पुरावे मांडू लागतात: परवा असं केलं, दिवाळीत तसं केलं. त्याने नाकारलं तर ऐकून घ्या. ‘बरं. मले वाटलं म्हणून बोललो’ म्हणा आणि विषय तुरीच्या फुलोऱ्यावर न्या. तुमचं काम झालेलं असतं. त्याचा राग तुम्हाला दिसतो आणि त्यावर तुम्ही भडकला नाहीत, या दोन गोष्टी त्याला कळल्या. त्या त्याच्या मनात काही दिवस फिरू द्या. आठ-दहा दिवस तो विषय पुन्हा काढू नका.

या दिवसांत वागणं थोडं बिघडू शकतं, त्याने घाबरू नका. जुना उपाय चालेनासा झाला की माणूस आधी तोच जास्त जोराने करून पाहतो. सातला यायचं असताना अकराला येईल, टोमणा दोन दिवस जास्त धारदार होईल. तुम्ही तसेच राहिलात तर हे ओसरतं.

राग जेव्हा बाहेर येतो तेव्हा तो खऱ्या विषयाच्या नावाने येत नाही. मागे एक कुटुंब माझ्याकडे यायचं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. दोन भाऊ, बारा एकर, बरीचशी पराटी आणि त्यात तूर. धाकटा तुमच्या भावासारखाच. वर्षभर कोणाला काही कळलं नव्हतं. थोरल्याने वर सांगितलं तसं एकदा बोलून सोडून दिलं. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी पंपाचं नोझल तुंबलं म्हणून थोरला सहज म्हणाला, ‘नीट धुऊन ठेवत जा, महाग वस्तू आहे.’ धाकटा फुटला. ‘तुमच्या नोझलची किंमत आहे दादा. माह्या घरच्या वस्तूची कोन केली?’

ती वस्तू म्हणजे धाकट्याच्या बायकोचं सोनं होतं. जून महिन्यात बियाणं आणि खतासाठी पैसे कमी पडले, तेव्हा ते गहाण ठेवलं. कापूस विकला की सोडवू, असं थोरल्याने सांगितलं होतं. जानेवारीत कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्याला दिला. पैसे आले ते सेवा सहकारी सोसायटीत भरले, कारण पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याज लागत नाही. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर, मुदतीत फेड केल्यास, ही सवलत मिळते. थोरल्याचा हिशोब चोख होता. कर्ज थकलं असतं तर सवलतही गेली असती आणि पुढच्या खरिपाचं कर्जही अडलं असतं. पण हे त्याने धाकट्याला सांगितलंच नाही. त्याच्या लेखी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. इकडे धाकट्याची बायको भावाच्या लग्नाला रिकाम्या गळ्याने गेली. तिने नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं होतं, की या घरात तुम्हाला कोणी विचारतच नाही. तेव्हापासून तो थोरल्याला ‘मालक’ म्हणू लागला.

नोझलच्या त्या सकाळी थोरल्याच्या तोंडावर ३१ मार्चचा सगळा हिशोब आला होता. तो त्याने त्या वेळी बोलून दाखवला नाही, याला मी फार मोल देतो. हिशोब बरोबर होता आणि तरीही त्या क्षणी तो देणं म्हणजे धाकट्याला ‘तुझा राग चुकीचा आहे’ असं सांगणं झालं असतं. वर्षभराने तोंड उघडलेल्या माणसाला पहिल्याच वाक्याला खोडून काढलं तर तो पुन्हा बोलणार नाही. थोरला एवढंच म्हणाला, ‘आणखी काय आहे मनात?’ मग आणखी तीन गोष्टी निघाल्या. त्यातल्या दोन त्याला मान्य नव्हत्या. त्या त्याने ऐकून घेतल्या. शेवटी तो म्हणाला, ‘सोन्याचं तुले न विचारता झालं. ते चुकलं.’ कर्जाचा हिशोब त्याने दोन दिवसांनी, पासबुक समोर ठेवून दाखवला. तेव्हा धाकट्याने तो पाहिला.

बोलून झाल्यावर काही तरी प्रत्यक्ष बदललं पाहिजे, नाहीतर बोलण्याचा उपयोग नाही हेच त्याला पुन्हा पटतं. त्या घरात तूर विकल्यावर पहिलं सोनं सोडवलं गेलं, आणि सोडवायला दोघे भाऊ बरोबर गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही घेऊन बसायचं, आलं किती, गेलं किती ते धाकट्याने लिहायचं, असं ठरलं. विहिरीकडचे तीन एकर पेरणीपासून विक्रीपर्यंत धाकट्याच्या निर्णयाने चालतील, बियाणं कोणतं, औषध कोणतं, माल कधी द्यायचा यात थोरला बोलणार नाही, हेही ठरलं. पहिल्या वर्षी त्या तीन एकरांत उतारा कमी आला. थोरल्याने त्यावर काही म्हटलं नाही, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून उशिरा येणं खरं कमी झालं. टोमण्यांची सवय मात्र बरेच महिने टिकली. जिभेची सवय हाताच्या सवयीपेक्षा उशिरा सुटते.

तुमच्या भावाचा राग सोन्याचा असेल असं नाही. मागच्या दीड वर्षात त्याला न विचारता काय काय झालं, याची एकदा स्वतःशी यादी करा: विकलेला माल, काढलेलं कर्ज, मोडलेली बैलजोडी, सातबाऱ्यावरची नावं, कोणाच्या पोराला शहरात शिकायला पाठवलं. तारखा आठवा आणि त्याचं वागणं कधी बदललं ते त्याशेजारी ठेवून पाहा. पण जे सापडेल ते त्याच्यासमोर ‘याचाच राग आहे ना तुले?’ म्हणून टाकू नका. चुकीचं निघालं तर तो हसेल, बरोबर निघालं तर पकडला गेल्यासारखं वाटून नाकारेल. ते तुमच्या ऐकण्याच्या तयारीसाठी असू द्या.

राग कळेपर्यंत वावर थांबत नाही, म्हणून रोजच्या तीन गोष्टींचं वेगळं सांगतो.

वेळ तुम्ही ठरवू नका, त्याला विचारा. ‘उद्या फवारणी हाय, तुले किती वाजता जमते?’ वारा सुटायच्या आणि ऊन तापायच्या आत फवारायचं, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याने आठ म्हटलं तर आठ. आठ वाजले की वाट पाहायची नाही, तुम्ही सुरू करायचं. तो नऊला आला तर टोमणा न मारता, जे उरलं ते त्याच्या हाती द्या. त्याचं काम तुम्ही गुपचूप पूर्ण केलंत तर त्याच्या उशिराची किंमत तुम्ही भरता, आणि त्यावर तुमच्या मनातही राग साचतो. शक्य असेल तिथे काम वेळेने न वाटता ओळींनी वाटा: या बारा ओळी तुझ्या, त्या माझ्या. मग त्याने त्या कधी केल्या हा त्याचा प्रश्न होतो.

टोमण्यातला उपहास ऐकू आला नाही असं समजून त्यातल्या शब्दांना सरळ उत्तर द्या. ‘मले काय विचारता, मालक तुम्ही’ म्हणाला तर ‘तुलेच विचारतो. एकट्यानं ठरवायचं नाही मले. सांज होईपर्यंत सांग.’ आणि खरंच थांबा. त्याने सांगितलं नाही तर तुम्ही ठरवा, पण ठरवल्यावर त्याला कळवा. पाहुण्यांसमोर बोलला तर तिथे हसू नका आणि उत्तरही देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोघंच असताना म्हणा, ‘काल पाहुण्यांसमोर बोललास ते मले लागलं. राग असेल तं मले सांग, तिथं नको.’ तुम्हाला लागलं हे सांगण्यात कमीपणा नाही. न बोलता साचवायचं हे त्याचं वागणं तुम्ही उचललंत, तर घरात दोघेही तसेच होतील.

जेवणाचं तर अगदी थोडकं. ताट वाढलं की एकदा हाक मारा, नेहमीच्याच आवाजात. आला नाही तर झाकून ठेवा आणि तुम्ही जेवा. पोराला तीन वेळा बोलवायला पाठवू नका, वहिनीला ताट घेऊन त्याच्या खोलीत जायला लावू नका, आणि ‘जेवत नसशील तर नको’ असंही म्हणू नका. तो आला की काल काही झालंच नाही असं वाढा. मात्र रुसवा सोडून सरळ बोलला त्या दिवशी, बोलणं कितीही कडू असलं तरी, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. रुसल्यावर घर त्याच्याभोवती गोळा होतं आणि बोलल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडतात, असं असेल तर तो रुसणंच निवडेल.

दोन-तीन महिने असं करूनही काही हललं नाही तर दोघांना मान्य असा एक माणूस मध्ये घ्या. मामा चालेल, दोघांचा जुना मित्र चालेल, पण ज्याला तुमच्या वाट्यातून काही मिळायचं आहे असा नको, आणि चारचौघांची बैठकही नको. बैठकीत धाकट्याला मान खाली घालून ‘माझी काही तक्रार नाही’ म्हणावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी तो दहाला येतो.

एक शक्यता तुम्ही आधीपासून मनात धरून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्याला वेगळं व्हायचं असेल, आणि तेच त्याला बोलता येत नसेल. तसं निघालं तर गोड बोलून ते पुढे ढकलू नका. सगळे सहधारक तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटणी होते आणि सातबारे वेगळे होतात. अर्जाच्या आधी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, वावरात जायचा रस्ता आणि अंगावरचं कर्ज यांचं दोघांनी बसून लिहून घ्या. वाटणीनंतर पेटणारी भांडणं बहुतेक या तीन गोष्टींचीच असतात.